एकाच घरातल्या दोन पट्ट्या

ऑगस्टच्या एकाच आठवड्यात मी आमच्या घरातल्या दोघांच्या नाकातून नमुना घेतला. एक माझा सहा वर्षांचा भाचा, दुसरी एकाहत्तर वर्षांची आजी. दोघांना ताप, दोघांना कोरडा खोकला, आणि दोघं रोज एकाच गोधडीत झोपणारी. भाच्याच्या पट्टीवर दहा मिनिटांच्या आत ‘ए’समोर गडद रेघ उमटली. आजीच्या पट्टीवर मी पंधरा मिनिटं डोळे लावून बसले, रेघ आली नाही. मी घरी फोन करून सांगितलं, “आजीला फ्लू नाही.”

ते वाक्य चुकीचं होतं. पट्टी वाचण्यात मी चुकले नव्हते, पट्टी निगेटिव्हच होती. निगेटिव्हचा अर्थ लावताना मी चुकले.

आमचं घर भीमपूरचं. पैनगंगेच्या अलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा, पलीकडे महाराष्ट्रातला यवतमाळ. कागदपत्रं तेलुगूत, घरातली भाषा मराठी. लॅब टेक्निशियनचा कोर्स करून मी आदिलाबादच्या एका खाजगी लॅबमध्ये लागले, त्याला तेव्हा दीड महिना झाला होता. रक्त काढणं, साखर, हिमोग्लोबिन, मलेरियाची पट्टी यांत हात बसला होता. पावसाळ्यात आमच्याकडे ताप म्हटलं की लोक आधी मलेरिया नि डेंग्यू म्हणतात. फ्लूचं किट मी त्या आठवड्यापर्यंत चारपाच वेळाच उघडलं होतं.

भाच्याला रविवारी रात्री ताप भरला. सोमवारी दुपारी दादा त्याला घेऊन आला, डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी सोबत होती. पोरगं रडलं, पण वहिनीने डोकं धरलं आणि मला नमुना नीट मिळाला. बुधवारी सकाळी आजीला ताप आला. तिला बारा वर्षांपासून मधुमेह. गुरुवारी दुपारी दादा तिलाही लॅबमध्ये घेऊन आला. तिला कोणा डॉक्टरने पाहिलं नव्हतं, चिठ्ठीही नव्हती. मीच म्हटलं होतं, “घेऊन ये, पट्टी करून टाकू.” आजीने नाकात काडी जाताच माझा हात धरला आणि म्हणाली, “पुरे वं पोरी, डोळ्यात पाणी येऊन राह्यलं.” मी काडी काढून घेतली.

शुक्रवारी ती न्हाणीपर्यंत चालताना मध्ये थांबली. सगळे म्हणाले, फ्लू नाही ना, मग थकवा असेल. शनिवारी पहाटे तिला धाप लागली. आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तेव्हा बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ८९ दिसत होता.

ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडम तेलुगू घरातल्या, पण सीमेवर नोकरी करून मराठी चांगली शिकलेल्या. मी लगबगीने आजीचा रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारलं, “घरात अजून कोणाला ताप?” मी भाच्याचं सांगितलं. “त्याची टेस्ट?” पॉझिटिव्ह, मी म्हटलं. त्यांनी नर्सला ऑक्सिजन लावायला सांगितलं, ऑसेल्टामिव्हिरचा पहिला डोस तिथेच द्यायला सांगितला, छातीचा एक्स-रे लिहिला, मलेरियासाठी रक्तही घेतलं, आणि फ्लूच्या आरटी-पीसीआरसाठी नवा नमुना काढायला सांगितला. मी गोंधळून म्हटलं, “पण मॅडम, टेस्ट निगेटिव्ह आहे.” त्या म्हणाल्या, “टेस्ट निगेटिव्ह आहे. आजी निगेटिव्ह आहे असं कोणी सांगितलं?”

या प्रश्नाचं उत्तर समजायला मला पुढचे आठ-दहा दिवस लागले. आजी वॉर्डात होती, मी रात्री तिच्याजवळ थांबत होते आणि मॅडमना वेळ मिळेल तसं विचारत होते.

पहिली गोष्ट म्हणजे ती पट्टी नेमकं काय पाहते. फ्लूच्या विषाणूच्या आत न्यूक्लिओप्रोटीन नावाचं प्रथिन असतं. नाकातून आलेली काडी आपण नळीतल्या द्रवात घुसळतो, तेव्हा विषाणू फुटून ते प्रथिन द्रवात उतरतं. त्याचे तीनचार थेंब पट्टीच्या खळग्यात टाकले की द्रव कागदावरून पुढे सरकतो. वाटेत रंगीत कणांना बांधलेली प्रतिपिंडं असतात, ती या प्रथिनाला पकडतात. पुढे ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जागी दुसरी प्रतिपिंडं कागदावर चिकटवलेली असतात, ती हे रंगीत ओझं अडवून धरतात. पुरेसं ओझं साचलं तरच डोळ्याला रेघ दिसते. म्हणजे रेघ न दिसण्याचा अर्थ एवढाच, की दिसण्याइतकं प्रथिन त्या थेंबांत नव्हतं. विषाणू नाकात नव्हता की काडीवर आला नाही, की आला पण थोडा आला, हे पट्टी सांगू शकत नाही.

आरटी-पीसीआरचं तसं नसतं. त्या तपासणीत विषाणूच्या जनुकीय धाग्याच्या प्रती काढत जातात, एकाच्या दोन, दोनाच्या चार. एका बीपासून पीक उभं करून मग ते मोजावं, तसा हा प्रकार. पट्टीला मात्र टोपलीत आलेलं आहे तेवढंच मोजता येतं.

मला सगळ्यात जास्त फसवलं ते ‘सी’च्या रेघेने. आजीच्या पट्टीवर ‘सी’ची रेघ स्वच्छ आली होती. म्हणून मी समजले, टेस्ट बरोबर झाली. पण ही कंट्रोलची रेघ एवढंच सांगते, की द्रव शेवटपर्यंत वाहिला आणि पट्टीतली रसायनं काम करत आहेत. काडी नाकात कुठवर गेली होती, तिच्यावर पेशी आल्या होत्या की नाही, याची ती ग्वाही देत नाही. कोरडी काडी बुडवली असती तरी आमच्या किटवर ‘सी’ची रेघ तशीच आली असती.

आमचं किट नाकाच्या मागच्या भागातला, घशाच्या वरच्या पोकळीतला नमुना मागणारं होतं. त्यासाठी काडी कपाळाच्या दिशेला वर ढकलायची नसते, टाळूला समांतर, सरळ मागे न्यायची असते. नाकपुडीपासून कानाच्या छिद्रापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढी आत. तिथे काही सेकंद थांबून हळू फिरवायची, म्हणजे टोक ओलं होतं आणि पेशी चिकटतात. काही किटांना नाकाच्या पुढच्या भागातला, दोन-अडीच सेंटिमीटरवरचा नमुना चालतो, पण तोही दोन्ही नाकपुड्यांत चारपाच वेळा फिरवून घ्यायचा असतो. आजीच्या वेळी मी यातलं एकही पूर्ण केलं नव्हतं. तिने हात धरला तेव्हा मी थांबून, तिला समजावून, दुसऱ्या नाकपुडीतून पुन्हा घ्यायला हवं होतं.

तरी सगळा दोष माझ्या हाताला देऊन मोकळं व्हावं, असं नाही. मॅडमनी सांगितलं, की नमुना उत्तम असता तरी पट्टी चुकण्याची शक्यता बरीच होती. लहान मुलांच्या नाकात विषाणू भरपूर असतो आणि जास्त दिवस टिकतो. मोठ्या माणसांत तो पहिल्या दोनतीन दिवसांत सर्वांत जास्त, मग ओसरत जातो. म्हणून पट्टी करायची तर ताप आल्यापासून तीनचार दिवसांच्या आतच करावी. २०१२ साली या पट्ट्यांवरच्या जगभरच्या १५९ अभ्यासांचा एकत्र हिशोब प्रसिद्ध झाला. त्यात फ्लू असलेल्या शंभर जणांपैकी सुमारे ६२ जणच पट्टीने ओळखले होते. मुलांमध्ये ६७च्या आसपास, मोठ्यांमध्ये ५४. उलट बाजूने पट्टी चांगली निघाली. फ्लू नसलेल्या शंभरांपैकी ९८ जणांना तिने बरोबर ‘नाही’ म्हटलं. नंतरची काही किटं, विशेषतः यंत्राने वाचली जाणारी, याहून बरी आहेत. आमचं डोळ्यांनी वाचायचं साधं किट होतं.

म्हणजे पट्टीचं ‘हो’ बहुतेकदा खरं आणि ‘नाही’ कच्चं, एवढं मला कळलं. पण मॅडम म्हणाल्या, “एवढंही पाठ करू नको. आकडा मांडून बघ.” वॉर्डातल्या स्टुलावर बसून औषधाच्या खोक्याच्या पाठीवर आम्ही तीन हिशोब मांडले. सोयीसाठी पट्टी फ्लू असलेल्या शंभरांतले ६० पकडते, आणि फ्लू नसलेल्या शंभरांतल्या दोघांना उगाच पॉझिटिव्ह म्हणते, असं धरलं.

पहिला हिशोब भर साथीचा. ताप-खोकल्याचे शंभर जण आले, त्यांतल्या ४० जणांना खरंच फ्लू आहे असं धरू. पट्टी २४ जणांना पकडेल, १६ सुटतील. उरलेल्या ६० जणांत एखादाच उगाच पॉझिटिव्ह निघेल. म्हणजे २५ पॉझिटिव्हांपैकी २४ खरे. पण ७५ निगेटिव्हांमध्ये १६ जण फ्लूवाले. दर पाच निगेटिव्हांमागे एकाला फ्लू आहेच.

दुसरा हिशोब आजीचा. घरात पक्का फ्लूचा रुग्ण, ती त्याच्याच शेजारी झोपणारी, त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिला अचानक ताप आणि खोकला. अशा शंभर आज्या घेतल्या तर त्यांतल्या ७० जणींना फ्लू असेल असं मॅडमनी धरलं. पट्टी ४२ जणींना पकडेल, २८ जणींना सोडेल. फ्लू नसलेल्या ३० जणींपैकी जवळजवळ सगळ्या निगेटिव्ह येतील. म्हणजे निगेटिव्ह आलेल्या साधारण अठ्ठावन्न जणींपैकी अठ्ठावीस जणींना फ्लू. निम्म्या! मी फोनवर ठामपणे ‘नाही’ म्हटलं होतं, तेव्हा खरी शक्यता नाणं उडवल्याइतकी होती. आणि हे नमुना नीट घेतला असता तर. माझ्या अर्धवट काडीने ती आणखी बिघडवली होती.

तिसरा हिशोब मला स्वतःला सुचला, कारण एप्रिलमध्ये कोर्सच्या शेवटी मी एका ठिकाणी शिकाऊ असताना एक फिकट रेघ पाहिली होती आणि तिचं काय करावं ते कोणालाच कळलं नव्हतं. साथ नसताना शंभर खोकणाऱ्यांत फ्लूवाले दोनच असतील. पट्टी त्यांतला एक पकडेल. उरलेल्या ९८ जणांतले दोन उगाच पॉझिटिव्ह निघतील. तीन पॉझिटिव्हांत एकच खरा. पट्टी तीच, टक्केवारी तीच, पण ऑगस्टमध्ये जे ‘हो’ जवळजवळ पक्कं होतं, ते एप्रिलमध्ये संशयास्पद ठरलं. आपल्या भागात फ्लू मुख्यतः पावसाळ्यात चढतो आणि थंडीच्या अखेरीला पुन्हा एकदा डोकं वर काढतो. त्यामुळे रिपोर्ट वाचताना भिंतीवरचं कॅलेंडरही वाचावं लागतं. शिवाय ही किटं बहुतेक ३० अंशांपर्यंतच ठेवायची असतात, आणि आदिलाबादचा उन्हाळा ४५च्या घरात जातो. खिडकीजवळच्या कपाटात राहिलेल्या खोक्यावर किती विसंबायचं, हाही प्रश्न असतो.

सोमवारी आजीचा पीसीआर आला : इन्फ्लुएंझा ए, पॉझिटिव्ह. शनिवारपासून तिला सकाळ-संध्याकाळ ७५ मिलिग्रॅमची गोळी चालूच होती, त्यामुळे या रिपोर्टने उपचारात काही बदललं नाही. रिपोर्टची वाट पाहिली असती तर मात्र दोन दिवस गेले असते. हे औषध ताप आल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर सर्वांत उपयोगी पडतं. आजीचे ४८ तास शुक्रवारी सकाळी संपले होते, माझ्या ‘नाही’वर विश्वास ठेवून सगळे घरी निवांत बसलेले असताना. गंभीर रुग्णाला मात्र उशीर झाला तरी ते देतात, कारण तेव्हाही फायद्याची शक्यता असते. आजीला चार दिवस ऑक्सिजन लागला, नवव्या दिवशी ती घरी आली.

दादाने मला विचारलं, “मग ही पट्टी करायची तरी कशाला?” हाच प्रश्न मी मॅडमना विचारला होता. त्यांनी मला केंद्र सरकारने २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत केलेली रुग्णांची वर्गवारी समजावली. त्या वर्षी ३ ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, देशातला या साथीचा पहिला, आणि पुढचे कित्येक दिवस नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. साधी सर्दी असलेली माणसं आजारी माणसांसोबत तासन्‌तास उभी होती. सरकारच्या सूचना रुग्णांचे तीन गट करतात. ‘अ’ गट म्हणजे सौम्य ताप, खोकला, घसा. त्यांनी घरी थांबायचं, तपासणी नाही, ऑसेल्टामिव्हिरही नाही. ‘ब’ गटात जास्त ताप आणि घसा खूप दुखणारे येतात, आणि ज्यांना आजार अंगाशी येऊ शकतो तेही येतात : लहान मुलं, गरोदर बाया, ६५च्या वरचे, मधुमेह, दमा, हृदय-किडनीचे रुग्ण. यांना डॉक्टर लक्षणं पाहून औषध सुरू करतात, तपासणीची गरज नाही. ‘क’ गट म्हणजे धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, थुंकीत रक्त, नखं निळी पडणं. यांना दाखल करायचं, तपासायचं आणि औषध लगेच द्यायचं.

मी हे ऐकलं आणि गुरुवारची दुपार आठवली. आजी ‘ब’ गटात होती. तिला माझ्या पट्टीची गरजच नव्हती. तिला त्याच दिवशी डॉक्टरांसमोर नेण्याची गरज होती.

पट्टीचा उपयोग मग कुठे? जिथे उत्तराने पुढचं पाऊल बदलतं तिथे. एखाद्या वसतिगृहात आठ-दहा पोरांना एकदम ताप आला, तर त्यांतल्या चार-पाच जणांची पट्टी करून, एक-दोन जरी पॉझिटिव्ह निघाले तरी साथ कशाची ते कळतं. मग उरलेल्या प्रत्येकाच्या नाकात काडी घालावी लागत नाही. दवाखान्यात पॉझिटिव्ह आलेल्या रुग्णाला वेगळं ठेवता येतं, उगाच दिलं जाणारं अँटिबायोटिक टाळता येतं. भाच्याच्या पॉझिटिव्ह पट्टीचा सर्वांत मोठा उपयोग खरं तर आजीसाठी होता. घरात फ्लू शिरला आहे हे ती सोमवारीच सांगत होती. त्याच रात्री आजीचं अंथरूण वेगळं करायचं, तिला ताप येताच डॉक्टरांकडे धावायचं, हे त्या रेघेतून वाचता आलं असतं. आम्ही ती फक्त पोराचा रिपोर्ट म्हणून वाचली.

पॉझिटिव्हचीही हद्द मॅडमनी दाखवली. ‘ए’ची रेघ म्हणजे इन्फ्लुएंझा ए, पण तो एच१एन१ की एच३एन२, हे आमची पट्टी सांगत नाही. आजी घाबरून विचारत होती, “मले स्वाइन फ्लू तं नाही ना?” मॅडम तिला म्हणाल्या, “आजी, २००९चा तो विषाणू आता दर वर्षीच्या फ्लूतलाच एक झाला आहे. नावाने औषध बदलत नाही.” आणि फ्लू निघाला म्हणून मलेरिया नाही असं होत नाही, फ्लूच्या मागोमाग जिवाणूंचा न्यूमोनिया होत नाही असंही नाही. म्हणूनच त्यांनी पहिल्या दिवशी रक्त घेतलं होतं, एक्स-रे काढला होता.

आता फ्लूच्या पट्टीसाठी कोणी आलं की काडी उघडण्याआधी मी चार गोष्टी विचारते आणि चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवते : ताप कधी आला, वय आणि जुना आजार काय, घरात कोणाला फ्लू निघाला आहे का, धाप लागते का. धाप लागते म्हणाले तर पट्टी बाजूला ठेवून आधी दवाखान्यात पाठवते. नमुना अपुरा वाटला तर पुन्हा घेते, घेऊ दिला नाही तर तसं लिहिते. पट्टी किटच्या कागदावर दिलेल्या मिनिटालाच वाचते, कारण उशिरा वाळताना उमटलेली रेघ धरायची नसते. रिपोर्टमध्ये निगेटिव्ह असेल तर खाली एक ओळ घालायची परवानगी मी मालकांकडून मागून घेतली आहे : ‘या तपासणीत इन्फ्लुएंझाचं प्रथिन आढळलं नाही, यावरून इन्फ्लुएंझा नाही असं ठरत नाही, डॉक्टरांना दाखवा.’ तेलुगूत आणि मराठीत, दोन्ही भाषांत.

गेल्या महिन्यात नदीपलीकडच्या गावातून एक बाई सासूला घेऊन आल्या. सासूला दम्याचा त्रास, ताप आदल्या रात्रीचा, घरात नातू खोकणारा. पट्टी निगेटिव्ह आली. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि पर्स उचलली. मी त्यांना बसवलं, ती खालची ओळ बोट ठेवून वाचून दाखवली आणि म्हटलं, “ताई, आज रात्र घालवू नका. हा कागद घेऊन आत्ताच डॉक्टरांकडे जा. कालच्या रात्री ताप आला आणि नातू खोकतो, हे दोन्ही त्यांना आधी सांगा, रिपोर्ट नंतर दाखवा.”